सर्वेक्षक प्रश्न जसाच्या तसा का वाचत नाहीत, आणि उत्तर अडलं की काय विचारायचं

प्रश्न: इंदूरमध्ये बाणगंगा आणि मूसाखेडी भागातल्या वस्त्यांत आमचा घरोघरी सर्वे चालू आहे. टॅबवर हिंदी फॉर्म आहे, त्यात अन्नसुरक्षेचे आठ प्रश्न. बारा सर्वेक्षक आहेत, सगळे मेहनती. पण प्रश्न लिहिलाय तसा कुणीच वाचत नाही. म्हणतात, "तसं वाचलं तर बायका तोंडाकडे बघत बसतात." उत्तर नीट आलं नाही की स्वतःच काहीतरी सुचवून हो-नाही करून घेतात. दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत "प्रश्न जसाच्या तसा वाचा" लिहिलं, फरक नाही. काय करावं? आणि आतापर्यंत आलेले 180 फॉर्म ठेवायचे की टाकायचे?

उत्तर:

खरं कारण तुमच्या सर्वेक्षकांनीच सांगून टाकलंय. बायका तोंडाकडे बघत बसतात. नियम त्यांना पाठ आहे, पण प्रश्न वाचून झाल्यावर जी दोन-तीन सेकंदांची शांतता येते, तेव्हा काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. समोर एक बाई हातातलं काम सोडून बसलेली असते. तिला अवघडलेलं पाहवत नाही, म्हणून सर्वेक्षक मदतीला धावतो आणि मदत म्हणजे प्रश्न सोपा करून सांगणं. त्यामुळे "जसाच्या तसा वाचा" हे कितीही ठळक छापलं तरी उपयोग होत नाही. वाचून झाल्यानंतरच्या क्षणासाठी त्याच्या तोंडी ठरलेली वाक्यं असली, तर वाचताना त्याला बदल करावासा वाटत नाही. म्हणजे तुम्ही ज्या दोन तक्रारी लिहिल्यात, त्या एकाच ठिकाणाहून निघतात.

सुरुवातीलाच एक सांगतो. सगळ्या प्रकारच्या मुलाखतींना हा कडक नियम लागू नाही. तुम्ही एखाद्या कुटुंबाशी मोकळेपणी बोलून त्यांचं जगणं समजून घेत असाल, तर प्रश्न शब्दशः वाचणं निरर्थक आहे. इथे मात्र बारा माणसं शेकडो घरांत जाऊन एकच मोजमाप करताहेत आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं एका तक्त्यात बसणार आहेत. अशा कामात प्रश्नाचे शब्द हेच मोजमापाचं साधन असतं.

तुमचे आठ प्रश्न बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, अन्न-असुरक्षितता मापनश्रेणीतले असावेत. जगभर तेच वापरतात आणि शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमधला 2.1.2 हा निर्देशांक त्यांच्यावरूनच काढतात. ते सौम्यापासून तीव्रापर्यंत जातात. पहिला प्रश्न जेवण पुरेल की नाही याच्या काळजीचा आणि आठवा अख्खा दिवस न जेवता राहण्याचा. सगळं शिकवायला तो आठवा प्रश्न एकटा पुरतो, म्हणून त्याच्यावरच थांबतो. तुमच्या फॉर्मात शब्द थोडे वेगळे असतील, पण वाक्य साधारण असं असणार:

"पिछले 12 महीनों में क्या कभी ऐसा हुआ कि पैसों या दूसरे साधनों की कमी की वजह से आप पूरा एक दिन बिना खाए रहे?"

या वाक्याचे तीन भाग आहेत: बारा महिन्यांचा काळ, पैशांच्या किंवा साधनांच्या कमतरतेचं कारण, आणि न जेवता काढलेला पूर्ण दिवस. वाक्य लांब वाटतं म्हणून सर्वेक्षक छाटतो, आणि छाटताना नेमका मधला भाग जातो, कारण त्याच्या मते ते उघडच आहे. मग तो विचारतो, "काकी, कभी पूरा दिन बिना खाए रहे?" काकी म्हणतात, "हाँ, सोमवार को रहती हूँ।" किंवा नुसतंच "हाँ भैया, रहते ही हैं।" टॅबवर "हो" पडतं. हरतालिकेचा निर्जळी उपवास, तापात दोन वेळा न गेलेला घास, सासूशी भांडून न जेवलेली रात्र आणि घरात पीठ नसल्यामुळे काढलेला दिवस हे सगळं एकाच खान्यात जाऊन बसतं. खजरान्यासारख्या भागात रमजानच्या सुमाराला गेलात, तर अर्धवट प्रश्नावर रोजासुद्धा त्यातच मोजला जाईल.

आता त्याच गल्लीतला दुसरा सर्वेक्षक घ्या. त्याला हा प्रश्न विचारायचीच लाज वाटते. समोरच्या घरात टीव्ही आहे, दारात मोटरसायकल आहे. तो म्हणतो, "ऐसा तो कभी नहीं हुआ ना, कि पैसे की वजह से भूखे रहना पड़ा हो?" यात कारणाचा भाग आहे, वाक्यही सभ्य आहे. पण "नहीं हुआ ना" ऐकल्यावर अनोळखी मुलासमोर कोण सांगेल की हो, झालं होतं? उत्तर येतं, "नहीं नहीं, भगवान की दया है।"

पहिल्याने उपासमार वाढवली, दुसऱ्याने लपवली. दोघंही मनापासून काम करत होते आणि विचारलंत तर दोघंही सांगतील की प्रश्न तोच विचारला, फक्त सोपा करून. ट्रेनिंगमध्ये या दोन ओळी फळ्यावर लिहा, खाली मूळ प्रश्न लिहा आणि सर्वेक्षकांनाच विचारा: सोमवारचा उपवास करणारी बाई, पीठ संपल्यामुळे एक दिवस उपाशी राहिलेली बाई आणि जिच्याकडे दोन्ही घडलं नाही अशी बाई, तिघी प्रत्येक वाक्याला काय उत्तर देतील? हे तीन बायांचं कोष्टक त्यांनी स्वतः भरलं की "असं का वाचायचं" यावर भाषण करावं लागत नाही. मॅन्युअलमधल्या ठळक ओळीपेक्षा हे पुष्कळ टिकतं.

वाचण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. "पिछले 12 महीनों में" हा तुकडा आठ वेळा येतो आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत उत्तर देणारी वैतागते, "अभी तो बताया!" सर्वेक्षक वरमतो आणि पुढचे प्रश्न गुंडाळतो. यावर उपाय फॉर्ममध्येच करा. आठ प्रश्नांच्या आधी सगळ्यांसाठी एक वाक्य छापा: "अब कुछ सवाल सुनने में एक जैसे लगेंगे, पर हर सवाल अलग है। मैं हर सवाल पूरा पढ़ूँगा।" तिला आधीच सांगून ठेवलं की पुन्हापुन्हा वाचण्याचा संकोच उरत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या इंदुरात हे फार होतं. सर्वेक्षक दारात उभा राहतो, आतून काकू मराठीत बोलायला लागतात आणि तो तिथल्या तिथे हिंदी प्रश्नाचं मराठी करतो. मालवी आणि निमाडी घरांतही तेच. हे उभ्या-उभ्या केलेलं भाषांतर म्हणजे प्रश्न बदलण्याचा सर्वांत मोठा प्रकार, कारण दर घरी तो नवा निघतो. तुमच्या वस्त्यांत जेवढ्या बोलींत मुलाखती होतात, तेवढ्या बोलींतला मजकूर आधी ठरवून टॅबवर ठेवा. कोबो किंवा ओडीके या सर्वेच्या ॲपच्या फॉर्ममध्ये `label::Hindi (hi)` आणि `label::Marathi (mr)` असे दोन स्तंभ केले की सर्वेक्षक मेनूतून भाषा बदलू शकतो. मालवीसाठी वस्तीतल्याच दोन-तीन बायकांना बसवून वाक्य ठरवा, आणि ते दुसऱ्या कुणाकडून परत हिंदीत करून घेऊन तिन्ही भाग शाबूत आहेत ना ते बघा. एवढं करूनही प्रश्न जिभेवर बसत नसेल तर प्रश्न वाईट आहे, त्यात सर्वेक्षकाचा दोष नाही. याचं माप असं: सरावाच्या मुलाखतींत साधारण 15 टक्क्यांहून जास्त वेळा एकाच प्रश्नाशी लोक अडखळत असतील किंवा तो बदलत असतील, तर माणसाला न बोलता प्रश्न दुरुस्त करावा. मात्र दुरुस्ती फील्ड सुरू होण्याआधी. अर्धी घरं झाल्यावर शब्द बदललात तर आधीची आणि नंतरची घरं एकमेकांशी जुळणार नाहीत.

आता प्रोबिंगकडे येतो, म्हणजे उत्तर अडल्यावर काय विचारायचं. नव्या सर्वेक्षकाला "तटस्थ रहा" सांगून काही कळत नाही. त्याला वाक्यं द्या, आणि थोडीच द्या. मी चार देतो, ती एका कार्डावर छापून टॅबच्या कव्हरमध्ये ठेवायला लावतो.

पहिलं म्हणजे प्रश्न पुन्हा, पूर्ण, त्याच शब्दांत. "मैं सवाल फिर से पढ़ता हूँ." निम्म्याहून जास्त अडचणी इथेच सुटतात. पहिल्यांदा प्रश्न ऐकताना बाईचं अर्धं लक्ष गॅसवर असतं. तिला प्रश्न कळत नाही असं नाही, तिला तो ऐकूच गेलेला नसतो. "मतलब?" असं तिने विचारलं की सर्वेक्षकाला वाटतं शब्द अवघड आहे आणि तो समजावू लागतो. आधी शांतपणे परत वाचून बघा म्हणावं, त्यानंतरही अडलं तर पुढचं बघू.

दुसरं, "आप जैसा समझती हैं, उसी हिसाब से बताइए." हे तिने शब्दाचा अर्थ विचारला आणि फॉर्ममध्ये त्याचा खुलासा छापलेला नसला तर. उदाहरणार्थ पौष्टिक खाण्याबद्दलच्या प्रश्नात ती विचारते, "पौष्टिक मतलब दूध-फल?" सर्वेक्षक "हाँ" म्हणाला की त्याने तिच्या प्रश्नाची व्याख्या बदलली, आणि पुढच्या घरी कुणी "दाल-सब्ज़ी?" विचारलं तर तिथे वेगळी बदलली. पण सांभाळा, हे वाक्य मत आणि अनुभव विचारणाऱ्या प्रश्नांपुरतंच आहे. "घर में कितने लोग हैं?" या प्रश्नाला ते लावलं तर घोटाळा होईल. नोकरीसाठी पुण्याला राहणारा मुलगा धरायचा की नाही, हे प्रत्येकीवर सोडून चालत नाही. तिथे व्याख्या हवी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या धर्तीवर "सर्वसाधारणपणे एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे" अशी व्याख्या फॉर्ममध्ये प्रश्नाच्या खाली छापा आणि विचारलं तर तीच वाचायला लावा.

अर्थ समजावून सांगावा की नाही, या मुद्द्यावर सर्वेक्षणाच्या क्षेत्रात खरा वाद आहे. स्कोबर आणि कॉनरॅड या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं की उत्तर देणाऱ्याची परिस्थिती सरळ असेल तर शब्दशः वाचणं आणि मोकळेपणी समजावणं दोन्हींत उत्तरं अचूक येतात. परिस्थिती गुंतागुंतीची असेल तर समजावून सांगितल्याने अचूकता पुष्कळ वाढते, पण मुलाखत लांबते. तो प्रयोग घर, नोकरी, खरेदी अशा वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर होता, आणि मुलाखत घेणाऱ्यांना सगळ्या व्याख्या चांगल्या शिकवलेल्या होत्या. बारा नवी माणसं आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग असताना ती मोकळीक देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. छापील व्याख्या ही मधली वाट आहे.

तिसरं वाक्य "पता नहीं" साठी: "कोई जल्दी नहीं है, सोचकर बताइए." आणि मग खरंच थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायला सांगा. पहिलं "पता नहीं" हे पुष्कळदा विचार करताना तोंडातून निघालेलं असतं. त्यानंतरही ती तेच म्हणाली तर "माहीत नाही" लिहून पुढे जायचं. दोनदा, तीनदा खोदलं की लोक सुटका करून घ्यायला काहीही सांगतात.

चौथं, अर्धवट किंवा अंदाजे उत्तरासाठी: "थोड़ा और ठीक-ठीक बता सकेंगी?" तुमच्या फॉर्ममध्ये दुधावरचा महिन्याचा खर्च असेलच. ती म्हणते "यही हज़ार-बारह सौ." इथे हमखास ऐकू येणारी चूक म्हणजे "तो ग्यारह सौ लिख दूँ?" ती "लिख दो" म्हणणारच. तो आकडा सर्वेक्षकाचा झाला. त्याऐवजी कार्डावरचं वाक्य म्हणायचं, आणि तरीही ती अडली तर तिचेच दोन आकडे तिच्यापुढे ठेवायचे: "हज़ार के ज़्यादा पास या बारह सौ के?" तिने न उच्चारलेला आकडा सर्वेक्षकाच्या तोंडून निघता कामा नये.

या चार वाक्यांचा आठव्या प्रश्नावर वापर कसा दिसतो ते बघा. सर्वेक्षक पूर्ण प्रश्न वाचतो.

"अब ऐसे ही चलता है भैया, कभी है कभी नहीं."

हे ना हो आहे, ना नाही. तुमचा माणूस इथे "मतलब हाँ?" म्हणेल. त्याने म्हणायचं, "मैं सवाल फिर से पढ़ता हूँ," आणि सगळं वाक्य पुन्हा, घाई न करता.

"हाँ, पूरा दिन तो रहते हैं. ग्यारस को."

आता तिने स्वतः एकादशीचं नाव घेतलं. कारण पैशांचं नाही हे सर्वेक्षकाला कळलंय, पण "नाही" त्याने ठरवायचं नाही, कारण तिच्याकडे एकादशीशिवाय दुसरा एखादा दिवसही असू शकतो. तो पुन्हा प्रश्न वाचतो, "पैसों या दूसरे साधनों की कमी की वजह से" एवढ्या भागावर थोडं थांबून. शब्द तेच राहतात. थांबण्याची जागा बदलता येते, शब्द नाही.

"नहीं, वो वाला नहीं. एक बार राशन नहीं मिला था तो रात को बच्चों को दिया, हम सो गए. पर सुबह तो खाया था."

"ठीक है. तो इस सवाल का जवाब आप क्या देंगी, हाँ या नहीं?"

"नहीं. पूरा दिन नहीं."

उत्तर "नाही". शेवटचं वाक्य फार कामाचं आहे: तिच्या गोष्टीवरून उत्तर आपण काढायचं नाही, तिलाच द्यायला लावायचं. इथे ते जुळलं, प्रत्येक वेळी जुळत नाही. आणि रात्रीच्या त्या जेवणाचं काय, ते वाया गेलं का? नाही. जेवण टाळावं लागण्याचा प्रश्न चौथ्या क्रमांकावर आधीच येऊन गेला होता. तिथे तिने "नाही" सांगितलं असेल आणि आता तिला आठवलं असेल, तर सर्वेक्षकाने मागे जाऊन तो प्रश्न पूर्ण वाचावा आणि तिने बदललं तर बदलावं.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळायचा. हे सगळं शिकल्यावर हुशार सर्वेक्षक आपणहून विचारू लागतात, "उपवास की बात तो नहीं कर रहीं ना?" हेतू चांगला असतो. पण तो हे "हो" म्हणणारीलाच विचारतो, "नाही" म्हणणारीला उलट काही विचारत नाही. छाननी एकाच बाजूची झाली की "हो" कमी होत जातात. शंका खरी वाटत असेल तर तो प्रश्न फॉर्ममध्ये घालून सगळ्यांना विचारा.

प्रतिक्रियांबद्दल थोडक्यात. "बहुत बढ़िया", "अरे रे", मान हलवून "हाँ हाँ" ही सगळी पुढच्या उत्तराची दिशा ठरवतात. "ठीक है" आणि "धन्यवाद" पुरेसं. पण हे प्रश्न उपासमारीचे आहेत, सांगताना एखादीचे डोळे भरून येतात. तेव्हा दगडासारखं बसायला मी कुणालाही शिकवत नाही. टॅब खाली ठेवावा, "थोड़ा रुकते हैं" म्हणावं, पाणी पिऊ द्यावं, पुढे बोलायचं नसेल तर थांबावं. माणुसकी प्रश्नांच्या मध्ये दाखवा, प्रश्नाच्या शब्दांत मिसळू नका.

हे भाषणाने येत नाही, तोंडाला सवय लागावी लागते. म्हणून ट्रेनिंगचा वेळ असा वाटा. पहिला अर्धा दिवस नुसतं मोठ्याने वाचन, गोल बसून, प्रत्येकाने आठही प्रश्न, शेजाऱ्याने शब्दावर बोट ठेवून तपासायचं. कंटाळवाणं आहे, करायलाच हवं. नंतर तिघांचे गट: एक विचारणारा, एक उत्तर देणारा, एक खुणा करणारा. उत्तर देणाऱ्याला मोकळं सोडू नका, नाहीतर सगळे शहाण्यासारखी "हाँ", "नहीं" उत्तरं देतात आणि सराव होतच नाही. त्याच्या हातात चिठ्ठी द्या: "आठव्या प्रश्नाला आधी 'ऐसे ही चलता है' म्हण, मग एकादशी सांग." "दर वेळी सर्वेक्षकालाच विचार, आपको क्या लगता है?" "मध्येच सासू उत्तर देते." (सासूच्या चिठ्ठीला ठरलेलं वाक्य: "माँजी, आपसे भी बात करेंगे, अभी इनका जवाब लिखना है." आणि प्रश्न पुन्हा सुनेला.) खुणा करणाऱ्याने दर प्रश्नापुढे एकच अक्षर लिहायचं: जसाच्या तसा वाचला, किरकोळ शब्द बदलला, की अर्थ बदलला. आणि प्रोब केला असेल तर तटस्थ की सुचवणारा. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतींचं असं खुणांनी मोजमाप करायला सुरुवात केली, आणि सर्वेक्षक शिकवायला याहून सोपं साधन माझ्या वापरात आलेलं नाही. खुणा करताना दुसऱ्याची चूक कानाला टोचायला लागते, आणि मग स्वतःची.

त्यानंतर सर्वेच्या नमुन्यात नसलेल्या एखाद्या वस्तीत एक दिवस खऱ्या मुलाखती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकायचे. रेकॉर्डिंगसाठी फॉर्ममध्ये `background-audio` हा प्रकार टाकता येतो. संमती घेताना रेकॉर्डिंगचा उल्लेख स्पष्ट करा आणि नको म्हणणाऱ्यांचं करू नका. सोबत `audit` टाकलंत तर प्रत्येक प्रश्नावर किती वेळ गेला तेही नोंदलं जातं, मात्र त्यासाठी एका स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवा. आठवा प्रश्न तुम्ही स्वतः सावकाश वाचून घड्याळ लावा, आठ-दहा सेकंद लागतील. कुणाच्या नोंदींत तो वारंवार तीन सेकंदांत उरकलेला दिसला तर त्याने तो वाचलेला नाही. फील्डच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज संध्याकाळी प्रत्येकाची एक मुलाखत ऐका आणि दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्याच्याशी बोला. आठवड्याने सांगितलेली चूक तोवर सवय झालेली असते. आणि पैसे दर फॉर्मामागे देत असाल तर हे सगळं उलट्या प्रवाहात पोहणं आहे. शक्य असेल तर दिवसाची मजुरी द्या.

आकड्यांवरून सर्वेक्षक पकडताना सावध रहा. समजा खरं प्रमाण दहा टक्के आहे आणि प्रत्येकाकडे चाळीस घरं आहेत. सरासरी चार "हो" यायला हवेत, पण निव्वळ योगायोगानेही कुणाकडे एक तर कुणाकडे आठ येऊ शकतात. म्हणून सात पाहून कुणाला बोलू नका. चौदा आले, किंवा तीन-चार जणांकडे चाळीसपैकी एकही नाही, तर रेकॉर्डिंग ऐका. तेसुद्धा घरं त्याच वस्तीत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिलेली असतील तरच. एकाला पक्क्या घरांची गल्ली आणि दुसऱ्याला झोपड्या दिल्या असतील तर तुलना चालणार नाही. त्याहून चांगली खूण उत्तरांच्या क्रमात सापडते. आठवा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. पैशांअभावी दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाने काळजी, कमी जेवण, घरातलं धान्य संपणं यांतल्या बऱ्याच प्रश्नांना आधीच "हो" म्हटलेलं असतं. सगळी "नाही" आणि आठव्याला एकटं "हो" असे फॉर्म एकाच सर्वेक्षकाकडून येत असतील, तर तिथे उपवास मोजले गेलेत असं समजा.

यावरून तुमच्या 180 फॉर्मांचं. सरसकट टाकू नका, आणि ऑफिसात बसून "हे उपवासाचं असणार" म्हणत "हो" चे "नाही" तर अजिबात करू नका. रेकॉर्डिंग नसेल तर कोणत्या फॉर्मात प्रश्न कसा विचारला हे आता कळणार नाही. आठ प्रश्नांचा भाग वगळता बाकी फॉर्म, म्हणजे घरातली माणसं, रेशनकार्ड, पाण्याची सोय वगैरे, साधारण वापरता येईल. आठ प्रश्नांसाठी त्या 180 पैकी चाळीसेक घरं चिठ्ठीने काढा, त्यात आधी "हो" आणि "नाही" म्हणणारी दोन्ही येऊ द्या, आणि नीट तयार झालेल्या दोन सर्वेक्षकांना जुनी उत्तरं न दाखवता पुन्हा पाठवा. दोन्ही वेळची उत्तरं मांडून बघा. मध्ये गेलेल्या दिवसांमुळे थोडा फरक पडेलच. पण फरक एकाच दिशेला आणि ठरावीक नावांपाशी साचलेला दिसला, तर त्या सर्वेक्षकांच्या घरी हे आठ प्रश्न पुन्हा विचारा. फरक सगळीकडे विखुरलेला असेल तर 180 च्या 180 घरांत विचारा. आठ प्रश्नांना दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि वस्ती अजून तुमच्या ओळखीची आहे तोवर ते काम उरकून घ्या.